चामड्याच्या छाया-बाहुल्या: जुनी कोणती, जुनी केलेली कोणती, आणि हे घरबसल्या कसं ओळखायचं

गेल्या काही वर्षांत बेंगळुरू, हैदराबाद, हंपीकडून येणारे लोक घरी एखादी चामड्याची बाहुली घेऊन येतात आणि मग मला फोटो येतो, "दोनशे वर्षं जुनी आहे म्हणाला, खरं का?" फोटोवरून मी कधीच सांगत नाही, कारण बाहुलीचा निम्मा पुरावा मागच्या बाजूला असतो आणि उरलेला तिच्या आरपार उजेड गेल्यावर दिसतो. तो कसा बघायचा ते इथे सविस्तर लिहितोय. मी बोलतोय ते आंध्रच्या तोलु बोम्मलाटा आणि कर्नाटकच्या तोगलु गोंबेयाटा या खेळांतल्या बाहुल्यांबद्दल, कारण बाजारात सगळ्यात जास्त माल तिकडचा येतो. केरळच्या तोलपावकूत्तूच्या बाहुल्यांचा फार तर एखादा हात हलतो, ओडिशाच्या रावणछायेच्या बाहुल्या तर अखंड असतात आणि त्यांना रंगच नसतात, त्यामुळे खालचे सगळे नियम त्यांना लागू पडत नाहीत. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या हाही वेगळा विषय आहे, त्यांना आंध्रची फूटपट्टी लावू नका.

एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. आंध्र-कर्नाटकात हा खेळ करणारी बरीच घराणी घरात मराठीचीच एक बोली बोलतात. कर्नाटकात त्यांना किळ्ळेक्यात म्हणतात, आणि तमिळनाडूतही कन्याकुमारी-मदुराईकडे बाहुल्या नाचवणारे लोक मूळचे मराठीभाषक आहेत. मी पहिल्यांदा बळ्ळारीकडच्या एका गावात गेलो तेव्हा तोडकं मोडकं कन्नड पाठ करून गेलो होतो, आणि घरातली आजी सुनेला पाणी आणायला सांगत होती ते मला सरळ समजलं. त्यानंतर दोन तास बाहुल्यांची पेटी उघडी होती. त्यामुळे तिकडे गेलात तर मराठीत बोलून बघा, दुकानदार सांगणार नाही इतकं घरातली माणसं सांगतात.

आता कामाचं. सामान फार लागत नाही. एक पांढरी धुतलेली चादर, एक एलईडी ट्यूब किंवा चांगली टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजायची टेप आणि मऊ ब्रश. हात धुवून पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम नको. आणि पाण्याचा थेंबही जवळ आणू नका. रंग पक्का आहे का ते बघायला थुंकी लावून बोट घासणारे लोक मी पाहिलेत, कृपया असं करू नका, यातले बरेच रंग पाण्यात विरघळतात आणि लागलेला डाग परत जात नाही.

पहिलं बघायचं ते चामडं

या बाहुलीचं चामडं कमावलेलं नसतं, आणि सगळी गंमत त्यातच आहे. चपलेचं किंवा पट्ट्याचं चामडं कमावतात, म्हणजे साली किंवा रसायन वापरून ते मऊ आणि टिकाऊ करतात, पण मग त्यातून उजेड जात नाही. बाहुलीसाठी कातडं गरम पाण्यात भिजवतात, केस आणि आतली चरबी खरवडून काढतात, आणि मग ओलं असतानाच चारही बाजूंनी ताणून, खिळे ठोकून वाळवतात. ताणात वाळल्यामुळे आतले तंतू सपाट बसतात आणि कातडं कडक, पापडासारखं, दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक होतं. बोटाने टिचकी मारली तर कोरडा खडखड आवाज येतो. कमावलेल्या चामड्याचा थप्प असा आवाज येतो. तर चादरीवर ठेवून आधी टिचकी मारा, मग मागून उजेड धरा. उजेड आरपार येत नसेल तर ती खेळासाठी केलेली बाहुलीच नाही, भिंतीवर लावायची वस्तू आहे.

उजेड आला की मग नीट बघत बसा, घाई नको. खऱ्या कातड्यात जाडी कधीच सारखी नसते, पाठीकडचा आणि मानेकडचा भाग जाड म्हणून गडद दिसतो आणि पोटाकडचा पातळ म्हणून उजळ. झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक शिरांचे माग दिसतात. सोलताना सुरी लागल्याच्या खुणा असतात, कधी छोटं भोक पडलेलं आणि दोऱ्याने शिवलेलं असतं. प्लास्टिकच्या शीटवर रंगवलेल्या बाहुल्याही विकल्या जातात, त्यात यातलं काहीच नसतं आणि सगळीकडे एकसारखा उजेड येतो.

मग भिंगाने केसांची छिद्रं बघा. बकऱ्याच्या कातड्यात मोठ्या छिद्रांच्या ओळी असतात आणि त्यांच्या मध्ये बारीक छिद्रांचे गुच्छ. वासराच्या कातड्यात छिद्रं बारीक आणि सगळीकडे जवळपास सारखी पसरलेली असतात. आंध्रात पूर्वी देवांसाठी हरणाचं, माणसांसाठी बकऱ्याचं आणि राक्षसांसाठी म्हशीचं किंवा रेडकाचं कातडं वापरायची पद्धत सांगतात, पण प्रत्यक्षात जे मिळालं ते वापरलं असंही खूप दिसतं, म्हणून राम म्हणजे हरिणच असं धरू नका. विक्रेता मात्र "हरणाचं आहे साहेब" हे कौतुकाने सांगतो, आणि तिथे थांबायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या चामड्याचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. बकरा आणि हरीण नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखणं जाणकारालाही जड जातं, त्यामुळे लेखी "बकऱ्याचं" असं मिळत नसेल तर सोडून द्या.

आकाराचाही हिशोब करा. बकऱ्याचं कातडं फार तर दोन-अडीच फुटांचं कामाचं मिळतं, आणि आंध्रच्या बाहुल्या चार ते सहा फुटांच्या असतात. म्हणून एका बाहुलीला तीन-चार कातडी लागतात, धड एकातून, पाय दुसऱ्यातून. धड आणि पायाच्या चामड्याचा पिवळेपणा थोडा वेगळा असेल तर लगेच संशय घेऊ नका, ते साहजिकच आहे. कर्नाटकात मात्र एकाच तुकड्यात अख्खा प्रसंग कोरलेल्या बाहुल्या बऱ्याच असतात, म्हणजे रथ, घोडे, सारथी सगळं एकत्र.

वय: दिव्याची बाजू आणि पडद्याची बाजू

बाहुली पडद्याला टेकवून नाचवतात. एक बाजू पांढऱ्या कापडाला घासते आणि दुसरी दिव्याकडे असते. पूर्वी दिवे एरंडेलाचे असायचे, नंतर पेट्रोमॅक्स आले, मग बल्ब. रात्रभर एरंडेलाचा धूर खाल्लेल्या बाहुलीच्या दिव्याकडच्या बाजूला काजळी आणि तेलाचा चिकट थर बसतो, आणि पडद्याकडच्या बाजूला जिथे चामडं जास्त टेकतं तिथे, म्हणजे नाक, छाती, गुडघा, रंग घासून फिका झालेला असतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या म्हाताऱ्या झालेल्या असतात. बाहुली दोन्हीकडून रंगवलेली असते, त्यामुळे हा फरक समोरासमोर ठेवून बघता येतो. धूर देऊन किंवा चहाच्या पाण्याने जुनी केलेली बाहुली दोन्हीकडून सारखीच तपकिरी होते.

दुसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. बाहुलीच्या मधोमध उभी काठी असते, बांबू किंवा ताडाच्या जातीच्या झाडाची, मधून चिरलेली, तिच्यात बाहुली धरून दोऱ्याने बांधतात. बाजारात येताना काठी बहुतेक वेळा काढून टाकलेली असते, पॅकिंगला सोपं म्हणून. पण दोऱ्याच्या भोकांच्या जोड्या डोक्यापासून खाली एका रेषेत राहतात, आणि त्या भोकांच्या मधल्या पट्टीत धूर पोहोचलेला नसतो, म्हणून तिथे बोटभर रुंदीची फिकट पट्टी दिसते. तसंच सांध्यांचं. खांद्याजवळ हात धडावर येतो, तिथे हात हळूच बाजूला करून खाली बघा, झाकलेलं चामडं आजूबाजूपेक्षा फिकट हवं आणि त्यावर कमानीसारखी घासलेली खूण हवी, कारण हात वर्षानुवर्षं त्याच कमानीत फिरला. सांध्याचं भोकसुद्धा गोल न राहता लांबट होतं. चहाच्या पाण्यात बुडवलेल्या बाहुलीत ही झाकलेली जागाही तितकीच रंगलेली असते.

तिसरं म्हणजे नक्षीची भोकं. दागिने, मुकुट, साडीचे काठ हे छिन्नीने पाडलेल्या छिद्रांनी दाखवतात. नवीन छिद्राची मागची कड बोटाला किंचित खरखरीत लागते, कारण हत्यार आरपार जाताना चामडं बाहेर ढकलतं. वापरलेल्या बाहुलीत ती कड बसून गुळगुळीत झालेली असते आणि छिद्राच्या आतल्या भिंतीतही मळ असतो. भिंगाने दहा-बारा छिद्रांच्या आत बघा. वरून सगळं काळपट आणि आतून स्वच्छ पिवळसर चामडं असेल तर रंग नंतर फासलाय.

दोरे आणि दुरुस्त्याही वेळ सांगतात, पण एकाच दिशेने. नायलॉनचा दोरा असेल तर ती गाठ स्वातंत्र्यानंतरची, बाहुली मात्र जुनी असू शकते, कारण खेळ करणारा माणूस तुटलं की हाताला लागेल त्याने बांधतो. बाहुलीत बंदूक, टोपी, पॅन्ट, सायकल असं काही कोरलेलं असेल तर ती त्या वस्तूच्या आधीची असू शकत नाही. पण बंदूक नाही म्हणजे बंदुकीच्या आधीची, असं उलटं चालत नाही.

एवढं सगळं करून तुम्हाला साल मिळणार नाही. मिळतो तो अंदाज: खेळात वापरलेली की नाही, आणि वापरली असेल तर तेलाच्या दिव्याच्या काळातली की नंतरची. दोनशे वर्षांचा दावा मी तरी मान्य करत नाही, कारण ही कामाची वस्तू आहे, रोज उष्णतेसमोर धरायची, बैलगाडीतून न्यायची, पावसाळ्यात पेटीत कोंबायची, आणि अनेक घराण्यांत निकामी झालेली बाहुली नदीत सोडायची पद्धत होती. शंभरी गाठलेली बाहुलीच नशीबवान म्हणायची.

रंग

पूर्वीचे रंग चामड्यात मुरणारे होते, झाडपाल्याचे, खनिजांचे, काळ्याला काजळी. आता कारागीर बाजारात मिळणारी पारदर्शक शाई वापरतात आणि खेळाच्या दृष्टीने ती अगदी बरोबर आहे, कारण पडद्यावर रंग पेटला पाहिजे. त्यामुळे नैसर्गिक रंग म्हणजे जुनी आणि भडक रंग म्हणजे नवीन हे समीकरण सोडा. कृत्रिम रंग आपल्या बाजारात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच आले होते, भडक गुलाबी रंगाची बाहुलीसुद्धा तुमच्या पणजोबांच्या काळातली असू शकते.

खरा प्रश्न रंग चामड्यात आहे की चामड्यावर आहे हा. समोरून उजेड टाकून फोटो काढा, मग समोरचा दिवा बंद करून मागून उजेड टाकून त्याच जागेवरून दुसरा. मुरलेला लाल रंग मागच्या उजेडात माणकासारखा पेटतो. ऑइल पेंट किंवा पोस्टर कलरचा लाल समोरून झकास दिसतो आणि मागच्या उजेडात काळा डाग होतो. काळी रेघ तर काळीच दिसणार, ती तशीच हवी. म्हणजे दोन फोटो शेजारी ठेवले की कुठे नंतर रंग लावलाय त्याचा नकाशाच तयार होतो. त्यातही फरक करा: खेळ करणाऱ्यानेच मध्ये कधीतरी रंग उजळवला असेल तर त्या नव्या रंगावरही काजळी बसलेली असते. विकण्याआधी रंगवलेल्यात नवा रंग काजळीच्या वर, स्वच्छ बसलेला असतो.

एक बाहुली पूर्ण बघूया

सांगलीच्या एका मित्राकडे हनुमान आला होता, कर्नाटकातल्या एका दुकानातून घेतलेला, कोणतं ते सोडा. उंची 3 फूट 4 इंच, काठी नाही, आणि बिलावर "पुरातन, अंदाजे 200 वर्षे". आम्ही जेवण झाल्यावर खोलीत अंधार करून बसलो.

टिचकी मारली, आवाज कोरडा. मागून उजेड, धड मधासारखं पिवळं पेटलं, शिरा दिसल्या, छिद्रांच्या ओळी बकऱ्याच्या. मधोमध दोऱ्याच्या भोकांच्या नऊ जोड्या आणि त्यांच्यामध्ये फिकट पट्टी. दिव्याकडच्या बाजूला मुकुटाच्या छिद्रांमध्ये काजळी इतकी बसलेली की काही छिद्रं बुजली होती. डावा खांदा उचलला तर खाली फिकट चामडं आणि सुंदर कमानीची खूण. इथपर्यंत मित्र खुशीत होता.

मग उजवा हात. सांधा निळ्या नायलॉनचा, भोक अगदी गोल, हात उचलल्यावर खाली धडावर कमान होती पण ती या हाताच्या रुंदीशी जुळेना. हाताच्या बांगड्यांच्या छिद्रांच्या मागच्या कडा खरखरीत लागत होत्या. हात दोन्ही बाजूंनी सारखाच तपकिरी. म्हणजे मूळ हात गेला, नवीन बसवला आणि जुळावा म्हणून रंगवला. शेपटीचं टोक मात्र दुसऱ्या चामड्याचं ठिगळ होतं, सुती दोऱ्याने जाड टाक्यांनी शिवलेलं, आणि त्या टाक्यांवरही काजळी होती, म्हणजे हे ठिगळ खेळ चालू असतानाचं. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर धोतराचा लाल भाग मागून काळा आला, तिथे भिंगाने बघितलं तर रंग काजळीवर बसला होता.

आमचा निकाल असा लिहिला: धड, डोकं, डावा हात आणि पाय खेळातले, तेलाच्या दिव्याच्या काळातले असण्याची शक्यता दाट, शेपटीची दुरुस्ती घराण्याचीच, उजवा हात आणि धोतराचा लाल रंग विक्रीआधीचा. मित्राचं तोंड उतरलं, पण मला तरी ती शेपटी त्या बाहुलीवरची सगळ्यात मोलाची जागा वाटली. कुणीतरी शेपटी तुटलेला मारुती रात्रीच्या खेळाआधी शिवून उभा केला होता.

घेणारे काय शोधतात

जाणकार संग्राहक सुंदर चेहऱ्यापेक्षा माहितीला जास्त पैसे देतो. कोणत्या गावातून, कोणत्या घराण्याच्या पेटीतून, कधी आली, हे लिहिलेलं असेल तर साधी बाहुलीही वर जाते. पात्रांमध्ये दहा तोंडांचा रावण, हनुमान आणि कर्नाटकातले प्रसंगाचे मोठे तुकडे यांना मागणी असते, आणि विदूषकाची जोडी, म्हणजे कर्नाटकात किळ्ळेक्यात याच नावाचं पात्र आणि त्याची बायको बंगारक्का, कारण ती पेटीत एकेकच असते. एकाच पेटीतल्या चार बाहुल्या एकत्र असतील तर त्या एकत्रच राहू द्या. सुटे हात, सुटी डोकी फ्रेम करून विकतात ते घेऊ नका, त्यासाठी कुठेतरी एक अख्खी बाहुली तोडलेली असते.

दुकानात जाण्याआधी बेंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेतला बाहुल्यांचा संग्रह बघा, तासभर उभं राहिलात की नजर तयार होते. आणि जुन्याचा हट्ट नसेल तर आंध्रच्या निम्मलकुंट्याला जा, तिथले दळवाई चलपती राव यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, गावात अजूनही कातडं ताणण्यापासून सगळं काम चालतं. दळवाई हे आडनाव आपल्या ओळखीचंच आहे! नवीन म्हणून घेतलेली, करणाऱ्याचं नाव-तारीख लिहून घेतलेली बाहुली ही खोट्या वयाच्या बाहुलीपेक्षा कधीही चांगली. घराण्याकडून थेट घेत असाल तर गणपती आणि पूजेतल्या बाहुल्या मागू नका, त्या पेटीच्या देव आहेत.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शंभर वर्षांवरची वस्तू पुराणवस्तू ठरते आणि 1972 च्या पुराणवस्तू कायद्यानुसार खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे विक्रेत्याने कौतुकाने बिलावर लिहिलेली "200 वर्षे" विमानतळावर तुमच्याच विरोधात जातात. बाहुली तितकी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र आधी घ्या.

घरी आणल्यावर

कच्चं चामडं हवेतली ओल पितं. पावसाळ्यात ते पोचट होतं, बुरशी धरतं, आणि उन्हाळ्यात वाकडं होतं. वाकडी झाली म्हणून इस्त्री करणं हे सगळ्यात वाईट, उष्णतेने चामडं आकसतं आणि परत येत नाही. लॅमिनेशन नको, काचेला चिकटवून फ्रेम नको, मागे कायमचा बल्बही नको. सपाट पुठ्ठ्यावर, जुन्या धुतलेल्या सुती कापडात, आडवी ठेवा, आणि दर दोन महिन्यांनी उघडून बघा. चामडं खाणारे किडे असतात, त्यांची भोकं वेडीवाकडी, कडा कुरतडलेली, आणि शेजारी भुसा किंवा अळीची केसाळ वाळकी कात पडलेली असते. असं दिसलं तर ती बाहुली लगेच बाकीच्यांपासून वेगळी करून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि संग्रहालयात काम करणाऱ्या जतन-तज्ज्ञाला दाखवा, घरातला स्प्रे मारू नका, रंग उडतो.

सांगलीच्या हनुमानाचा उजवा हात आम्ही काढला नाही. त्याच्या पुठ्ठ्याला एक कागद बांधलाय, त्यावर कोणता भाग कधीचा वाटतो, का वाटतो, आणि दोन्ही उजेडातले फोटो. बिलही त्याच पिशवीत आहे, "200 वर्षे" वर पेन्सिलीने एक रेघ मारून.